थंबनेलवर लोक दाबतात, तरी यूट्यूब व्हिडिओ पुढे ढकलत नाही. काहून?

संत्रावाला_पोट्टा | १० जानेवारी, रात्री ९:४२

मंडळी, डोकं बधिर झालंय. माझे मामाजी काटोलकडचे, संत्र्याची बाग आहे. दीड वर्षापासून त्यांचं चॅनल मी इकडे नागपुरात बसून सांभाळतो. शूटिंग ते करतात, एडिटिंग आणि थंबनेल माझ्याकडे. सबस्क्रायबर २,३०० च्या आसपास.

दोन व्हिडिओंचा हिशेब लागत नाहीये.

ऑगस्टमध्ये फळगळीवर एक टाकला होता, 'संत्रा गळतोय? ही फवारणी मारू नका'. लांबी १२ मिनिटं, सीटीआर, म्हणजे थंबनेल दिसल्यावर दाबणाऱ्यांचं प्रमाण, ९ टक्के. आमच्या चॅनलवरचा सगळ्यात जास्त. ६,००० इम्प्रेशन्सवर, म्हणजे थंबनेल तेवढ्या वेळा दिसल्यावर, गाडी अडली ती अडलीच. एकूण व्ह्यूज १,४००.

डिसेंबरच्या सुरुवातीला अंबिया बहारासाठी पाणी तोडून बागेला ताण कसा द्यावा, यावर १४ मिनिटांचा टाकला. थंबनेल एकदम साधं, मामाजी भेगाळलेल्या मातीत हात घालून बसलेत. सीटीआर फक्त ४ टक्के. आणि हा व्हिडिओ ८२,००० इम्प्रेशन्सवर गेला, अजून चालूनच राहिला आहे!

म्हणजे ज्याच्यावर लोक जास्त दाबतात त्याला यूट्यूब दाबून टाकतं, आणि ज्याच्यावर कमी दाबतात त्याला वर काढतं? सरासरी पाहण्याचा वेळ पहिल्याचा दीड मिनिट, दुसऱ्याचा ५ मिनिटं. हे दोन आकडे एकत्र कसे वाचायचे, कोणी सांगेल का?

---

तर्रीबाज | रात्री ९:५०

पहिल्या व्हिडिओत 'मारू नका' म्हटलंय, यूट्यूबनं ऐकलं आणि मारला नाही. 😄

वाचतोय. बशी घेऊन बसलोय.

---

डिजिटल_दादा | रात्री १०:०५

९ टक्के सीटीआर म्हणजे जबरदस्त आहे भाऊ. यूट्यूबच्या मदतपानावरच लिहिलंय की अर्ध्या चॅनल आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांत असतो. तू वरच्या टोकाला आहेस. थंबनेलचं काम तू बरोबर केलंस, दोष टॅगमध्ये असणार. टॅग आणि हॅशटॅग नीट भर, 'संत्रा', 'फळगळ', 'विदर्भ शेती' असे. दुसऱ्याचं नशीब समज, सीझन लागला. यूट्यूबला क्लिक हवा असतो, बाकी सगळं नंतरचं.

---

जाई_मनीषनगर | रात्री ११:१८

दादा, २ ते १० चा आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. 'क्लिक हवा असतो' हे २०१२ पर्यंत बऱ्यापैकी खरं होतं. त्या वर्षी यूट्यूबनं क्रम लावताना व्ह्यूजऐवजी लोक किती वेळ पाहतात त्याला वजन द्यायला सुरुवात केली, कारण थंबनेलवर भलतंच दाखवून लोकांना आत ओढणारे व्हिडिओ बोकाळले होते. २०१६ साली गूगलच्या इंजिनियरांनी शोधनिबंधात हे उघड लिहिलं. आधी लाखो व्हिडिओंतून तुमच्यासाठी काहीशे निवडायचे, मग त्यांची क्रमवारी लावायची. आणि ती लावताना विचारायचं की हे थंबनेल या माणसाला एकदा दाखवलं तर त्यातून पाहण्याचा किती वेळ मिळेल. नुसत्या सीटीआरवर क्रम लावला तर फसवे व्हिडिओ वर येतात, हेही त्यातच आहे. मी असल्याच शिफारशीच्या कामात आहे (यूट्यूबमध्ये नाही, साध्या खरेदीच्या ॲपमध्ये), त्यामुळे हा प्रश्न रोज समोर असतो.

आता तुझे आकडे घे. थंबनेल हजार वेळा दाखवलं असं धर.

फळगळ: हजारातले ९० आत आले, प्रत्येकानं दीड मिनिट पाहिलं. १३५ मिनिटं.

ताण: हजारातले ४० आले, प्रत्येकानं ५ मिनिटं पाहिलं. २०० मिनिटं.

होमपेजवरची जागा ही बर्डीवरच्या दुकानाच्या ओट्यासारखी आहे. यूट्यूब मालक, तू फेरीवाला. ओट्यावर किती लोक थांबले हे मालक बघतो, पण भाडं मिनिटांत घेतो. दुसरा फेरीवाला जास्त देतोय, म्हणून ओटा त्याला.

---

कीर्तनरंग | रात्री ११:४०

आमचं मंडळ महालात दर गुरुवारी भजन करतं, त्याचे तासाभराचे व्हिडिओ टाकतो. सीटीआर कधीच दीड टक्क्याच्या वर गेला नाही, पण सरासरी १८ मिनिटं ऐकतात. लोक लावून ठेवून स्वयंपाक करतात. जाईताईंच्या हिशेबानं हजारात १५ जण, १५ गुणिले १८, २७० मिनिटं! म्हणजे आम्ही संत्र्यापेक्षा वर? मग आम्हाला ८२ हजार का नाही मिळाले?

---

जाई_मनीषनगर | रात्री ११:५५

कीर्तनरंग, तुमची स्पर्धा संत्र्याशी नाहीच. ज्याला भजन आवडतं त्याच्या होमपेजवर तुमच्या शेजारी दुसरी भजनं असतात, आणि तिथे २७० मिनिटं कदाचित साधारण असतील. हा गुणाकार एकाच जातीच्या, साधारण सारख्या लांबीच्या व्हिडिओंत करायचा. दोन मिनिटांच्या व्हिडिओत किती टक्के पाहिला हे जास्त बोलतं, लांब व्हिडिओत किती मिनिटं.

---

विदर्भकन्या_ठाणे | ११ जानेवारी, सकाळी ७:२०

अहो पण १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात पाहण्याचे ४,००० तास झाले की पैसे सुरू होतात ना? भाऊंचे सबस्क्रायबर तर झालेत, मग काळजी कसली? अर्ज करून टाका. माझ्या जावेचं रांगोळीचं चॅनल आहे, तिचे शॉर्ट्सच खूप चालतात. त्यावर सीटीआर दिसतच नाही म्हणते, ते कसं?

---

तर्रीबाज | सकाळी ७:३१

ताई, प्रश्न पैशाचा नाहीये, पण उत्तर द्यायला हरकत नाही. शॉर्ट्सच्या फीडमध्ये थंबनेल दाबून कोणी आत येतच नाही, बोट वर सरकवलं की पुढचा हजर. तिथे किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी सरकवून टाकलं हे बघतात. जावेला सांगा सीटीआर शोधत बसू नका.

---

खडूस_काका | सकाळी ८:०५

३४ वर्षं बँकेत खतावण्या जुळवल्या. यूट्यूबचं मला काही कळत नाही, पण धागाकर्त्याचा ताळेबंद जुळत नाही एवढं कळतं.

६,००० चे ९ टक्के म्हणजे ५४०. व्ह्यूज १,४०० म्हणता. मधले ८६० कुठल्या खात्यातून आले? आणि जर ते थंबनेल दाबून आलेच नाहीत, तर त्यांचा वेळ त्या दीड मिनिटाच्या सरासरीत धरून जाईताईंनी त्याला ९० नं गुणलं कसं? दोन वेगळ्या खात्यांतली रक्कम एका ओळीत.

---

तर्रीबाज | सकाळी ८:०९

काका, दंडवत. 🙏

---

जाई_मनीषनगर | सकाळी ९:३०

काका बरोबर, मी चुकले. घाईत समोर दिसलेला आकडा उचलला.

यूट्यूब इम्प्रेशन तेव्हाच मोजतं जेव्हा थंबनेल यूट्यूबवरच दिसतं, निम्म्याहून कमी नाही आणि एका सेकंदापेक्षा जास्त वेळ. व्हॉट्सॲपवरची लिंक, दुसऱ्या वेबसाइटवरून आलेला माणूस, हे त्यात नाहीत. व्ह्यूजमध्ये मात्र आहेत, आणि सरासरी वेळेतही आहेत.

पोट्ट्या, हे कर. Studio मध्ये तो व्हिडिओ उघड, Analytics मध्ये Reach वर जा. तिथे गाळणीसारखं चित्र आहे, नाव Impressions and how they led to watch time. त्यात फक्त इम्प्रेशनवरून आलेले व्ह्यूज आणि फक्त त्यांचाच वेळ असतो. ते आकडे टाक. ८६० कुठून आले याचा अंदाज आहे का?

---

संत्रावाला_पोट्टा | दुपारी १:१५

अंदाज काय, पक्कं माहीत आहे. मामाजी प्रत्येक व्हिडिओ शेतकऱ्यांच्या ११ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात! फळगळीवाला तर लोकांनी पुढेही पाठवला. ग्रुपवरचे लोक उघडतात, 'छान माहिती' लिहितात आणि बंद करतात.

गाळणीतले आकडे:

फळगळ: ६,००० इम्प्रेशन्स, ५४० व्ह्यूज, सरासरी २ मि. १० से., एकूण १९.५ तास.
ताण: ८२,००० इम्प्रेशन्स, ३,२८० व्ह्यूज, सरासरी ५ मि., एकूण २७३ तास.

आता हजारामागे काढलं तर फळगळीचे १९५ मिनिटं आणि ताणाचे २००. जवळजवळ सारखेच की! मग पुन्हा तोच प्रश्न, एकाला ६ हजार आणि दुसऱ्याला ८२ हजार काहून?

---

डिजिटल_दादा | दुपारी १:४०

म्हणजे तुमचं गुणाकाराचं गणित झोपलं. म्हटलं होतं, सीझन. 😎

---

खडूस_काका | दुपारी २:१०

गणित झोपलेलं नाही. एकाचा पहिल्या आठवड्याचा हिशेब दुसऱ्याच्या महिन्याच्या हिशेबाला लावलाय. ८२ हजार लोकांत बागायतदार किती आणि उगाच दाखवलेले किती?

---

जाई_मनीषनगर | रात्री १०:०२

काकांनी माझं अर्धं उत्तर खाल्लं. 🙂

व्हिडिओ नवा असताना थंबनेल बहुतेक तुमच्या नेहमीच्या पाहणाऱ्यांना दिसतं. मामांना ओळखणारे, बाग असलेले. ते दाबणारच. तिथे वेळ चांगला मिळाला की वर्तुळ वाढतं, ज्यांनी मामांना कधी पाहिलं नाही अशांना दिसू लागतं, आणि सीटीआर पडतो. म्हणून ८२,००० वरचा ४ टक्के हा 'वाईट' सीटीआर नव्हे, तो लांब गेल्याची खूण आहे. आणि ६,००० वरचा ९ टक्के म्हणजे घरच्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुलना करायची तर दोघांचं सारखं वय घे. Advanced mode मध्ये तारीख बदलता येते. दोन्ही व्हिडिओंचे फक्त पहिले पाच दिवस काढ. जमलं तर Traffic source मध्ये Browse features वेगळं बघ, कारण सर्चमध्ये माणूस स्वतः शोधत आलेला असतो, तो वेगळाच वागतो.

---

संत्रावाला_पोट्टा | १२ जानेवारी, रात्री ८:३०

काढलं. फळगळीचे जवळजवळ सगळे इम्प्रेशन्स पहिल्या पाच दिवसांतलेच आहेत, त्यामुळे ते १९५ तसंच राहतं.

ताणाचे पहिले पाच दिवस: ५,८०० इम्प्रेशन्स, सीटीआर ७.५, वेळ ५ मि. ४० से. म्हणजे हजारातले ७५ जण आणि ४२५ मिनिटं.

बापरे. सारख्या वयात दुपटीहून जास्त. आणि तेव्हाही सीटीआर फळगळीचाच वर होता, ९ विरुद्ध ७.५. मी चार महिने त्या ९ कडेच बघत बसलो.

दोन्हीत बहुतेक होमपेजवरूनच आलेत. सर्चचं प्रमाण एवढं थोडं की काही कळत नाही.

---

खडूस_काका | रात्री ९:००

आता वजाबाकी करा. ८२,००० तून ५,८०० काढा, उरले ७६,२००. व्ह्यूज ३,२८० तून ४३५ काढा, उरले २,८४५. परक्या लोकांतला सीटीआर ३.७. त्यांचा सरासरी वेळ मी काढला, ४ मिनिटं ५४ सेकंद निघतो.

ओळखीच्यांनी ५:४०, परक्यांनी ४:५४. येणारे निम्मे झाले, पण आलेला माणूस जवळजवळ तेवढाच बसला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बँकेतही नवीन खातेदार किती आले यापेक्षा ठेव किती दिवस राहिली हे आधी बघायचो.

---

जाई_मनीषनगर | रात्री ९:२०

काका, तुम्ही निवृत्त का झालात? हेच. वर्तुळ वाढताना सीटीआर पडणं नेहमीचं आहे, त्याच्यासोबत वेळही कोसळला तर मात्र व्हिडिओ तिथेच थांबतो. हजारामागे परक्यांतही १८३ मिनिटं येताहेत, म्हणून अजून चालूय. फळगळीवाला घरच्याच लोकांत १९५ वर होता, परक्यांत तो किती उरला असता याचा अंदाज करा.

---

डिजिटल_दादा | रात्री ९:४५

ठीक, मान्य. पण मग थंबनेलची ती तीन-तीनची चाचणी असते त्यात तर ज्यावर जास्त क्लिक तोच जिंकतो ना?

---

जाई_मनीषनगर | रात्री ९:५२

नाही दादा. त्या Test & compare मध्ये विजेता पाहण्याच्या वेळेतल्या वाट्यावर ठरतो, क्लिकवर नाही. यूट्यूबनं हे स्वतःच सांगितलंय. भडक थंबनेलनं लोक आणले आणि ते दहा सेकंदांत गेले, तर ते थंबनेल हरतं.

---

डिजिटल_दादा | रात्री ९:५५

हे मला खरंच माहीत नव्हतं. तीन गिऱ्हाइकांना उलटं सांगितलंय. 🙈

---

विदर्भकन्या_ठाणे | रात्री १०:१०

पण फळगळीच्या व्हिडिओतून लोक दोन मिनिटांत का उठले, ते कोणी विचारलंच नाही. व्हिडिओत आहे तरी काय?

---

तर्रीबाज | रात्री १०:१४

इतक्या वेळात पहिला कामाचा प्रश्न.

---

संत्रावाला_पोट्टा | रात्री ११:०५

ताई, बरोबर विचारलंत. आत्ता आलेख उघडून बघितला. ३० व्या सेकंदाला ४८ टक्के लोक उरलेत, दीड मिनिटाला तिसरा हिस्सा. व्हिडिओ असा आहे: 'नमस्कार शेतकरी बंधूंनो', मग गावाचं नाव, बागेचं क्षेत्र, झाडं किती, कोणत्या साली लावली, बाजूच्या विहिरीला पाणी कसं लागलं, मध्ये एकदा कुत्रं भुंकतं त्याला मामाजी हाकलतात. कोणती फवारणी मारू नका, हे येतं ७ व्या मिनिटाला! थंबनेलवर 'मारू नका' एवढं मोठं मीच लिहिलंय, आणि माणूस ते ऐकायला ७ मिनिटं बसणार?

आलेखात ७ व्या मिनिटाला छोटी टेकडी दिसते. काही लोक पुढे सरकवून नेमके तिथे गेलेत.

ताणाचा व्हिडिओ मात्र मामाजींनी बागेतूनच सुरू केला होता. पहिलंच वाक्य, 'ही माती बघा, मुठीत धरली तर गोळा होत नाही, आता पाणी तोडायची वेळ.' तो सुरुवातीचा भाग मी कापला नव्हता, फोन उशिरा चालू केला म्हणून नमस्कार राहून गेला होता.

---

तर्रीबाज | रात्री ११:०९

म्हणजे ८२ हजारांचं श्रेय मामांच्या उशीर करण्याला. 😂 नागपुरी पद्धत.

---

कीर्तनरंग | १३ जानेवारी, सकाळी ६:३०

आमच्याकडे उलट आहे. सुरुवातीचा शंखनाद आणि नमन कापलं तर लोक भांडतील. आधी बुवांच्या प्रस्तावनेत लोक गळतात, पण अभंग सुरू झाला की शेवटपर्यंत रेषा सपाट. मग ती गळती वाईट धरायची की नाही?

---

जाई_मनीषनगर | सकाळी ९:००

भजनासाठी माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. लोक लावून ठेवतात, पाहत नाहीत, तिथे वेळेचा अर्थच थोडा बदलतो. यूट्यूब काही जणांना व्हिडिओनंतर 'कसा वाटला' विचारतं, 'रस नाही' दाबलं तेही बघतं, म्हणजे मिनिटांवरच सगळं ठरत नाही. पण ती उत्तरं आपल्याला Studio मध्ये दिसत नाहीत. आपल्याला दिसतं त्यातलं उपयोगी म्हणजे हा गुणाकार, आणि तोही अंदाजच.

पोट्ट्या, त्या जुन्या व्हिडिओची सुरुवात Studio च्या एडिटरमध्ये कापता येते. लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात.

---

खडूस_काका | सकाळी ९:२५

आणि पुढच्या वेळी मामांना सांगा, दोन-चार दिवस व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आकडे तरी स्वच्छ दिसतील.

---

संत्रावाला_पोट्टा | २० जानेवारी, रात्री १०:२०

अपडेट.

फळगळीवाल्यातली पहिली साडेपाच मिनिटं कापली. कुत्रंही गेलं. इम्प्रेशन्स हलले नाहीत, जानेवारीत फळगळ कोण शोधतो म्हणा. ऑगस्टमध्ये परत बघतो.

संक्रांतीनंतर ताण तोडताना पहिलं पाणी किती द्यावं, यावर नवा व्हिडिओ टाकला, पहिल्या वाक्यापासून मुद्द्यावर. तीन दिवस झाले: २,१०० इम्प्रेशन्स, सीटीआर ६.२, गाळणीतला वेळ ४ मि. १० से. हजारामागे २५८ मिनिटं. फळगळीच्या वर, ताणाच्या खाली.

व्हॉट्सॲपचं मामाजींनी ऐकलं नाही. ११ नाही, आता १३ ग्रुप झालेत. म्हणतात, 'यूट्यूबला कळो न कळो, शेजाऱ्याच्या बागेला पाणी आजच द्यायचंय.'

---

खडूस_काका | रात्री १०:४१

मग गाळणीतलेच आकडे बघत जा. आणि २,१०० वर घाई नको, १३० जणांचाच हिशेब आहे तो.